सभेची नोटीस : न येणाऱ्या सदस्यासाठी लिहावयाचा कागद

महाराष्ट्राबाहेरील आपल्या बहुतेक मराठी संस्था, म्हणजे वाचनालये, महाराष्ट्र मंडळे, शिक्षण संस्था, नाट्यमंडळे, नोंदणीकृत आहेत. त्यांचा कारभार कार्यकारी मंडळाच्या सभांमधून चालतो आणि प्रत्येक सभेआधी कार्यवाहांच्या सहीने एक कागद निघतो. हा कागद बहुधा मागच्या वेळच्या नोटिशीवरून तारीख बदलून तयार होतो. जोवर सर्व मंडळी एकमताची असतात तोवर त्याकडे कोणी पाहत नाही. मतभेद झाला, ठरावाला आव्हान मिळाले किंवा निबंधक कार्यालयाने कागद मागविले, की सर्वांत आधी तोच वाचला जातो. प्रस्तुत लेखात कार्यकारी मंडळाच्या सभेची नोटीस मराठीत कशी लिहावी, तिच्यातील मुदत, गणपूर्ती, विषयपत्रिका व जोडपत्रे यांचे परस्परांशी नाते काय, याचा एका उदाहरणाच्या आधारे विचार केला आहे.

नोटीस कोणासाठी?

सभेला येणाऱ्या सदस्याला नोटिशीची गरज तुलनेने कमी असते. तो येतो, समोर चाललेले ऐकतो, पटले नाही तर विरोध नोंदवितो. नोटिशीवर खरोखर अवलंबून असतो तो न येणारा सदस्य. नोटीस वाचून तो ठरवितो की या सभेला आपण गेलो नाही तरी चालेल. म्हणजे विषयपत्रिका हे संस्थेने त्याला दिलेले एक वचन आहे: यापलीकडचे काही तुमच्या माघारी ठरणार नाही. नोटिशीचे सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात. मुदत असते ती त्याला ठरवायला व यायला वेळ मिळावा म्हणून. विषय स्पष्ट लिहायचे ते त्याला काय ठरणार हे कळावे म्हणून. जोडपत्रे पाठवायची ती त्याला मत बनविता यावे म्हणून. आणि गणपूर्तीची आठवण द्यायची ती त्याच्या न येण्याचा परिणाम त्याला ठाऊक असावा म्हणून.

लंडनच्या एका महिला क्लबचा १९२० सालचा खटला या दृष्टीने उद्‌बोधक आहे. यंग विरुद्ध लेडीज इम्पीरियल क्लब या नावाने तो ओळखला जातो. दोन सभासद स्त्रियांमध्ये वाद झाला आणि कार्यकारी समितीने त्यांपैकी श्रीमती यंग यांना क्लबमधून काढण्याचा निर्णय घेतला. समितीच्या एका सदस्येने, डचेस ऑफ अॅबरकॉर्न यांनी, आपल्याला सभेला येणे जमणार नाही असे अध्यक्षांना आधीच सांगितले होते. म्हणून त्यांना नोटीसच पाठविली नव्हती. तेथील अपील न्यायालयाने निर्णय अवैध ठरविला. कारण नोटीस प्रत्येक सदस्याला गेली पाहिजे. एखादा येणार नाही हे आपल्याला ठाऊक असणे पुरेसे नाही. विषय वाचल्यावर कदाचित त्याने बेत बदलला असता. न्यायालयाने नोटिशीतील शब्दांवरही बोट ठेवले. श्रीमती यंग यांच्या प्रकरणाची माहिती देणे व त्यावर चर्चा करणे, अशा आशयाचा विषय तेथे होता. त्यावरून एखाद्या सभासदाला काढून टाकण्याचा निर्णय होणार आहे हे कोणाला कळणार?

परदेशातील हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मानले आहे. परमेश्वरीप्रसाद गुप्ता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात (१९७३) एका कंपनीच्या संचालक मंडळाने सरव्यवस्थापकाची सेवा संपुष्टात आणली होती. त्या सभेची नोटीस एका संचालकाला मिळालेली नव्हती. तेवढ्याने ती सभा नियमबाह्य ठरली. मात्र नंतर रीतसर भरलेल्या सभेने त्या कृतीला मान्यता दिली होती, म्हणून अखेर ती टिकली. या निकालातून दोन धडे मिळतात. एक, आजारी, परगावी किंवा रुसलेल्या सदस्यालाही नोटीस गेलीच पाहिजे. दोन, चूक लक्षात आली तर ती झाकण्याऐवजी रीतसर नोटीस काढून पुन्हा सभा घ्यावी व तो विषय तेथे मंजूर करून घ्यावा.

मुदत मोजणे

मंडळाच्या सभेची मुदत बहुधा कायद्यात नसते; ती संस्थेच्या नोंदणीकृत नियमावलीत, म्हणजे आपण जिला घटना म्हणतो तिच्यात असते. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असो, मध्य प्रदेशाच्या १९७३ च्या किंवा कर्नाटकाच्या १९६० च्या कायद्याखाली असो, कार्यवाहांनी पहिल्यांदा स्वतःची घटना उघडावी. काही मोजक्या बाबतीत मात्र कायदाच मुदत ठरवितो. उदाहरणार्थ, १८६० च्या मूळ कायद्याच्या कलम १२ प्रमाणे संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर प्रस्तावाचा लेखी किंवा छापील अहवाल विशेष सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला द्यावा लागतो, तीन पंचमांश सभासदांची संमती लागते आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत ती पुन्हा पक्की करावी लागते. राज्यागणिक या कायद्यात दुरुस्त्या झाल्या आहेत, त्या पाहून घ्याव्यात.

आता मोजणीकडे वळू. येथे आपली बोली आपल्याला फसविते. मराठीत ‘आठ दिवसांनी ये’ म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच वारी ये. ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे, प्रत्यक्षात चौदा दिवस. रविवारी नोटीस वाटून पुढच्या रविवारी सभा घेणारा कार्यवाह ‘आठ दिवस आधी नोटीस दिली’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगतो. घटनेत मात्र आठ म्हणजे आठच. त्यातही ‘पूर्ण दिवस’ असा शब्द असेल, तर नोटीस मिळाल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही धरायचा नाही. मधले दिवसच मोजायचे. या रीतीने पाहिले तर रविवार ते रविवार यांत पूर्ण दिवस भरतात फक्त सहा: सोमवार ते शनिवार.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा, महाराष्ट्राबाहेरील एका शहरात मराठी वाचनालय आहे. त्याच्या कार्यकारी मंडळात घटनेप्रमाणे १५ जागा आहेत, त्यांपैकी २ सध्या रिक्त आहेत. नियम १४ म्हणतो: ‘सभेची नोटीस सदस्यांना किमान सात पूर्ण दिवस आधी मिळाली पाहिजे.’ सभा रविवार, १९ जुलै २०२६ रोजी घ्यायची आहे. १९ तारीख सोडून मागे मोजू लागलो तर १८ ते १२ असे सात दिवस होतात. म्हणजे नोटीस शनिवार, ११ जुलैला प्रत्येकाच्या हाती पडली पाहिजे. येथे ‘मिळाली पाहिजे’ हे शब्द महत्त्वाचे. नियमात ‘पाठविली पाहिजे’ असते तर ११ तारखेला टपालात टाकणे पुरले असते. ‘मिळाली’ असल्यामुळे टपालाचे तीन-चार दिवस धरून ती ७ जुलैला, मंगळवारी, निघायला हवी. गावातल्या सदस्यांना ती हातपोच देऊन वहीत सही घ्यावी. परगावच्यांची स्पीड पोस्टची पावती जपावी. व्हॉट्सअॅप गटावर टाकलेली नोटीस आठवण म्हणून उत्तम, पण घटनेत तशी तरतूद नसेल तर ती नोटिशीची जागा घेत नाही. तरतूद करून घ्यायची असेल तर घटनादुरुस्तीच करावी.

मुदतीआधी तातडीने सभा घ्यायची वेळ येते. बऱ्याच घटनांत ‘तातडीची सभा’ असा वेगळा नियम असतो व तिला एक-दोन दिवसांची मुदत पुरते. अशा वेळी नोटिशीत तातडीचे कारण लिहावे आणि विषय तेवढाच ठेवावा. तातडीच्या सभेला नेहमीचे चार विषय जोडणे म्हणजे त्या विषयांपुरती मुदत बुडविणे होय.

गणपूर्ती : किती आणि कशाच्या

आपल्या उदाहरणातील नियम १६ असा: ‘सभेस एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक सदस्य उपस्थित असल्यास गणपूर्ती झाली असे समजावे.’ हा नियम वाचायला सोपा आहे, लावायला तितका नाही. ‘एकूण’ म्हणजे १५ जागा की आज असलेले १३ सदस्य? पंधराच्या निम्म्याहून अधिक म्हणजे ८; तेराच्या निम्म्याहून अधिक म्हणजे ७. सभेला सात जण आले तर सभा वैध की अवैध, हे या एका शब्दावर ठरते. कंपनी कायद्याने (२०१३, कलम १७४) संचालक मंडळापुरता हा प्रश्न सोडविला आहे: रिक्त जागा वगळायच्या, एक तृतीयांश काढायचा, अपूर्णांक आला तर तो पूर्ण एक धरायचा, आणि संख्या दोनपेक्षा कमी असता कामा नये. आपल्या घटनेत असा खुलासा नसेल तर सुरक्षित मार्ग म्हणजे मोठा आकडा धरणे. म्हणून नोटिशीत ८ लिहावे. ‘गणपूर्ती आवश्यक आहे’ असे मोघम लिहून उपयोग नाही; आकडा दिला की सातवा सदस्य आपल्या येण्याचे वजन ओळखतो.

यानंतर आपल्या नोटिशीतील एका अत्यंत परिचित वाक्याकडे यावे लागते: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ हे वाक्य मुळात सर्वसाधारण सभेचे आहे. शेकडो सभासद असलेल्या संस्थेत पुरेसे लोक जमत नाहीत, म्हणून घटनेने दिलेली ती सवलत आहे. कार्यवाह ते उचलून मंडळाच्या नोटिशीत घालतात. पण पंधरा जणांच्या मंडळात चौघांनी अर्धा तास थांबून सर्व निर्णय घ्यावेत, अशी परवानगी घटनेने दिली आहे का? कंपनी कायद्यात हा भेद स्पष्ट आहे. तहकूब झालेल्या सर्वसाधारण सभेला अर्ध्या तासात गणपूर्ती न झाल्यास हजर असलेले सभासदच गणपूर्ती मानले जातात (कलम १०३). संचालक मंडळाची सभा मात्र गणपूर्तीअभावी पुढील आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी जाते आणि तेथे अशी सवलत नाही. आपल्या घटनेत मंडळाच्या सभेसाठी ही सवलत नसेल तर नोटिशीत लिहून ती निर्माण होत नाही.

शब्दांचाही येथे गोंधळ होतो. ठरल्या वेळी ठरल्या जागी सदस्य जमले, पण सभा चालविता आली नाही किंवा अर्धवट राहिली, तर ती ‘तहकूब’ झाली. सदस्य जमण्याआधीच तारीख बदलली तर ती ‘पुढे ढकलली’. ती घ्यायचीच नाही असे ठरले तर ‘रद्द’ झाली. तहकूब सभा ही पहिल्या सभेचाच पुढचा भाग असते, म्हणून तेथे जुन्या विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेता येत नाही. पुढे ढकललेल्या सभेला नवी तारीख असल्यामुळे मुदतीची मोजणी नव्याने करावी लागते. हिंदी पट्ट्यातल्या आपल्या संस्थांत या सर्वांना ‘स्थगित’ म्हणण्याची सवय पडली आहे. तिन्हींचे परिणाम वेगळे असल्यामुळे मराठी नोटिशीत तीन वेगळे शब्दच वापरावेत.

विषय लिहिणे म्हणजे क्रियापद निवडणे

वाचनालयाच्या पहिल्या मसुद्यात विषय क्रमांक तीन असा होता: ‘छोट्या सभागृहाबाबत चर्चा.’ कार्यवाहांच्या मनात होते ते असे की एका शिकवणी वर्गाने सभागृह भाड्याने मागितले आहे, दुसऱ्याही एकाचा प्रस्ताव आला आहे, एकाला देऊन टाकावे. परंतु त्या सभागृहात दर शनिवारी वाचक मंडळ बसते. वाचक मंडळ चालविणारा सदस्य हा विषय वाचून काय समजेल? रंगरंगोटीची किंवा पंख्यांची चर्चा असावी. तो येणार नाही आणि परत येईल तेव्हा सभागृहाला दुसऱ्याचे कुलूप असेल.

मराठी विषयपत्रिकेत प्रत्येक विषय ‘णे’कारान्त क्रियापदाने संपतो. हीच आपली सोय आहे, कारण ते क्रियापद सभेचा अधिकार सांगते. ‘माहिती घेणे’ असेल तर सभा ऐकून घेईल, ठराव करणार नाही. ‘चर्चा करणे’ असेल तर मते मांडली जातील. ‘शिफारस करणे’ असेल तर अंतिम निर्णय दुसरीकडे, बहुधा सर्वसाधारण सभेत होईल. ‘विचारविनिमय करून निर्णय घेणे’, ‘मंजुरी देणे’, ‘नेमणूक करणे’ असे असेल तरच ठराव होईल. इतिवृत्तासाठी आपल्याकडे ‘वाचून कायम करणे’ हा नेमका प्रयोग आहे. मागील सभेत झाले ते बरोबर लिहिले आहे एवढेच त्यातून मान्य होते, ते निर्णय पुन्हा मंजूर होत नाहीत. लंडनच्या त्या क्लबची चूक नेमकी क्रियापदाची होती: नोटीस चर्चेची, निर्णय हकालपट्टीचा.

क्रियापदानंतर त्याला लागणारे तपशील द्यावेत: काय, कोणाला, किती रकमेपर्यंत, किती काळासाठी. विषय तीन आता असा होतो: ‘तळमजल्यावरील छोटे सभागृह ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने देण्यासाठी आलेल्या दोन प्रस्तावांवर, तसेच शनिवारच्या वाचक मंडळाच्या पर्यायी व्यवस्थेवर, विचारविनिमय करून निर्णय घेणे.’ आता वाचक मंडळाचा चालक नक्की येईल. वाद होईल, पण तो सभेत होईल, नंतर नाही.

विषयात रक्कम लिहिली की सभेच्या हाताला मर्यादा पडते, आणि ती पडावी अशीच अपेक्षा आहे. छताच्या दुरुस्तीसाठी ‘रु. २,४०,००० पर्यंत’ असे लिहिले असताना सभेने दोन लाख वीस हजार मंजूर केले तर प्रश्न नाही, कारण न येणाऱ्याने यापेक्षा मोठ्या खर्चाची शक्यता गृहीत धरूनच न येण्याचे ठरविले. साडेतीन लाख मंजूर केले तर तो म्हणू शकतो की मला हे ठाऊक असते तर मी आलो असतो. उपसूचना नोटिशीच्या आवाक्यात आहे की नाही हे ओळखण्याची हीच साधी कसोटी आहे.

शेवटचा विषय सर्वांच्या ओळखीचा: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ हा विषय असावा, पण त्याखाली काय येऊ शकते हे समजून घ्यावे. नोटीस निघाल्यानंतर उद्भवलेली, थांबता न येणारी, लहान बाब येथे येते: शोकप्रस्ताव, अभिनंदन, शासकीय पत्राची पोच, नळ फुटल्याची दुरुस्ती. खर्चाची मोठी बाब, नेमणूक, कोणावर कारवाई, मालमत्तेचा करार आणि नियमातील बदल यांना येथे जागा नाही. नोटीस काढतानाच ठाऊक असलेला विषय मुद्दाम आयत्या वेळी आणणे हे तर न येणाऱ्याला दिलेले वचन मोडणेच होय. अध्यक्षांनी परवानगी देताना दोन प्रश्न विचारावेत: हा विषय नोटिशीनंतर उद्भवला का, आणि पुढच्या सभेपर्यंत थांबला तर काही बिघडेल का? दोन्हींचे उत्तर होय असेल तरच तो घ्यावा.

जोडपत्रे

विषय स्पष्ट लिहिला तरी कागद हाती नसतील तर सदस्य मत बनवू शकत नाही. छताच्या विषयाला तीन दरपत्रके आहेत. ती सभेत फिरविली की पंधरा मिनिटांत तीन दरपत्रके वाचून कोणी काय ठरविणार? म्हणून नोटिशीसोबतच जोडपत्रे पाठवावीत. उशिरा पाठविलेल्या कागदांनी कागदोपत्री मुदत पाळली जाते, पण विचाराला वेळ उरत नाही.

जोडपत्र म्हणजे फायलीचा गठ्ठा नव्हे. निर्णयाच्या प्रत्येक विषयाला एक पानाची टिप्पणी पुरते. तिच्यात चार गोष्टी असाव्यात: पार्श्वभूमी, उपलब्ध पर्याय, खर्च व तो कोणत्या निधीतून होणार, आणि ठरावाचा मसुदा. तीन दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता करताना कामाचा आवाका, साहित्य, हमीची वर्षे, कर धरून एकूण रक्कम आणि मुदत हे रकाने ठेवावेत. कर धरलेली व न धरलेली दरपत्रके शेजारी ठेवली तर स्वस्त वाटणारे महाग निघते. ही चूक तक्ता करतानाच दिसते. ठरावाचा मसुदा लिहून पाठविला म्हणजे सभेला बांधून ठेवले असे होत नाही. त्यातल्या शब्दांवर चर्चा होते, आणि संध्याकाळी घाईने ठराव लिहिताना रक्कम किंवा अधिकार दिलेल्या व्यक्तीचे नाव राहून जात नाही.

जोडपत्राला विषयाचाच क्रमांक द्यावा. विषय ४ चे जोडपत्र ४. एखाद्या विषयाला कागद नसेल तर तो क्रमांक रिकामा सोडावा. पुढचे क्रमांक वर सरकवू नयेत.

नमुना

आतापर्यंतच्या विवेचनाप्रमाणे वाचनालयाची नोटीस अशी होईल:

जा. क्र. ४२/२०२६-२७
दिनांक : ७ जुलै २०२६

प्रति,
मा. सदस्य, कार्यकारी मंडळ

विषय : कार्यकारी मंडळाच्या सभेची नोटीस

महोदय / महोदया,

संस्थेच्या कार्यकारी मंडळाची सभा रविवार, दिनांक १९ जुलै २०२६ रोजी सकाळी १०.३० वाजता वाचनालयाच्या मुख्य सभागृहात भरणार आहे. नियमावलीतील नियम १४ नुसार ही नोटीस देण्यात येत आहे. आपण वेळेवर उपस्थित राहावे, ही विनंती.

विषयपत्रिका

१. दिनांक १० मे २०२६ रोजी झालेल्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. (जोडपत्र १)
२. एप्रिल ते जून २०२६ या तिमाहीच्या जमाखर्चास मंजुरी देणे. (जोडपत्र २)
३. तळमजल्यावरील छोटे सभागृह ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने देण्यासाठी आलेल्या दोन प्रस्तावांवर, तसेच शनिवारच्या वाचक मंडळाच्या पर्यायी व्यवस्थेवर, विचारविनिमय करून निर्णय घेणे. (जोडपत्र ३)
४. छताच्या दुरुस्तीसाठी आलेल्या तीन दरपत्रकांपैकी एक स्वीकारणे व इमारत निधीतून रु. २,४०,००० पर्यंतच्या खर्चास मंजुरी देणे. (जोडपत्र ४)
५. मंडळातील दोन रिक्त जागांवर नियम १२ नुसार सदस्यांची नेमणूक करणे. (जोडपत्र ५)
६. मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.

गणपूर्ती : नियम १६ नुसार सभेस किमान ८ सदस्यांची उपस्थिती आवश्यक आहे. येणे शक्य नसल्यास दिनांक १५ जुलैपर्यंत कळवावे.

कळावे,
कार्यवाह

सोबत : जोडपत्रे १ ते ५

या नमुन्यात काही शब्द जाणीवपूर्वक निवडले आहेत. मथळ्यात ‘सूचना’ न घालता ‘नोटीस’ घातले, कारण मराठीत ‘सूचना’ म्हणजे सभेत मांडलेला प्रस्तावही असतो. ‘सूचक’ व ‘अनुमोदक’ हे शब्द त्यातूनच आले. ‘सभेची सूचना’ म्हटले की सभा बोलावल्याचे पत्र की सभेत आलेला प्रस्ताव, हे संदर्भावर सोडावे लागते. ‘कार्यक्रमपत्रिका’ न म्हणता ‘विषयपत्रिका’ म्हटले, कारण पहिल्या शब्दाने दीपप्रज्वलनापासून आभारापर्यंतचा समारंभ डोळ्यांपुढे येतो. सभा ‘संपन्न होणार आहे’ असेही लिहू नये. जे पार पडले ते संपन्न झाले, पुढे होणारी सभा ‘भरते’.

महाराष्ट्राबाहेर आणखी एक काळजी घ्यावी लागते. संस्थेची नोंदणीकृत नियमावली अनेक ठिकाणी इंग्रजीत किंवा राज्याच्या भाषेत असते, आणि वाद निबंधकांपुढे गेला की तीच प्रमाण धरली जाते. म्हणून मराठी नोटिशीत नियमाचा क्रमांक द्यावा. शब्दाचा अर्थ कसाही लावला गेला तरी क्रमांक मूळ नियमाकडेच नेतो. शक्य असेल तर नियमावलीतील मुदत, गणपूर्ती, तहकुबी व तातडीची सभा या चार नियमांचे मराठी भाषांतर मंडळाने एकदा मंजूर करून घ्यावे व नोटिशीत नेहमी तेच शब्द वापरावेत. दर कार्यवाहाबरोबर शब्द बदलले तर दहा वर्षांनी जुन्या कागदांचा अर्थ लावणे कठीण होते.

नोटिशीची साखळी इतिवृत्तात

नोटीस निघाली, सभा झाली, तरी काम पूर्ण होत नाही. इतिवृत्ताच्या पहिल्या परिच्छेदात चार गोष्टी नोंदवाव्यात: नोटिशीचा जावक क्रमांक व दिनांक, ती सर्व १३ सदस्यांना मिळाल्याची पोच फायलीत असल्याचा उल्लेख, सभा सुरू झाल्याची वेळ, आणि उपस्थितांची संख्या व गणपूर्ती झाल्याची अध्यक्षांची घोषणा. एखादा सदस्य मध्येच निघून गेला तर ती वेळही लिहावी. १९ जुलैला नऊ जण आले आणि चौथ्या विषयाआधी दोघे गेले, तर उरलेले सात आठच्या खाली येतात. अशा वेळी छताचा ठराव करू नये. तहकूब सभेला ठेवावा. हजेरीपटावर सकाळी नऊ सह्या आहेत एवढ्यावर तो ठराव टिकेल असे समजू नये.

नोटीस, पोचवही, जोडपत्रे, हजेरीपट व इतिवृत्त हे पाच कागद एकाच क्रमांकाखाली एकत्र बांधावेत. सभेला न आलेला सदस्य वर्षभराने ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणत आला, तर त्याच्यापुढे ही फाईल ठेवता यावी. आणि त्याचे म्हणणे खरे असेल, तर तेही याच फायलीत दिसले पाहिजे.